शुगरच्या वहीत रात्र आणि सकाळ

परभणीला डॉक्टरांकडे जाताना पुष्कळ जण चिठ्ठीवर फक्त सकाळचे आकडे नेतात : १६८, १२६, १७४. त्यावरून शुगर वर-खाली होते एवढेच कळते, कशाने होते ते कळत नाही. सकाळच्या आकड्याचे कारण पुष्कळदा आदल्या रात्रीत असते. म्हणून वहीत दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहावेत.

ओळीत आधी तारीख, मग रात्रीच्या जेवणात काय व किती खाल्ले आणि पहिला घास किती वाजता घेतला ते. त्या घासापासून दोन तासांनी मोजलेली शुगर, घेतलेले औषध आणि शेवटी सकाळी उठल्यावर चहाआधीची शुगर. उशीर झाला तर खरी वेळ लिहावी. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन पुसावेत. बोटाला खजुराचा किंवा गुळाचा अंश राहिला तर आकडा खोटाच वाढतो.

समजा, एका खालांच्या वहीत असे आहे :

सोमवार : साडेनऊला दोन भाकरी, भात, सालन. साडेअकराला २२८. सकाळी १६८.

मंगळवार : मगरिबनंतर साडेसातला दीड भाकरी, डाळ, भाजी. साडेनऊला १५८. सकाळी १२६.

बुधवार : दहाला बिर्याणी. बाराला २३६. सकाळी १७४.

साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत शुगर असावी, असे डॉक्टर सांगतात. वयस्करांसाठी ही मर्यादा ते सैल ठेवतात. इथे रात्रीची शुगर चढली की सकाळचीही चढते, म्हणजे आधी जेवणाची वेळ आणि भात पाहायचा. पण रात्री १४० आणि सकाळी १७५ असे रोज दिसले, तर शुगर झोपेत वाढते आहे. पहाटे यकृत रक्तात साखर सोडते, त्यामुळे असे होऊ शकते. इथे जेवण कमी करून भागत नाही. औषध किंवा त्याची वेळ बदलायची का, हे डॉक्टर ठरवतात.

रात्री घाम येऊन, थरथरून जाग आली तर तेव्हाच मोजून लिहावे. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

रमजानमध्ये असरच्या वेळचा आकडा ‘उपाशीपोटी’च्या रकान्यात लिहू नये. सहरी आणि इफ्तारच्या वेळा लिहून वेगळे पान करावे. बोटातून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. मात्र रोज्यात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा असा वैद्यकीय सल्ला आहे.

पट्ट्या महाग पडतात. इन्सुलिन नसेल, तर डॉक्टरांच्या भेटीआधीच्या आठवड्यातल्या चार जोड्यांवरूनही पुष्कळ कळते.