घर आणि गवंडी : मोठ्या फरशीखालची पोकळी

बडोद्याच्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या बारा बाय चौदा फुटांच्या दिवाणखान्यात 600 बाय 1200 मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड फरश्या बसवावयाच्या आहेत. गवंडी म्हणतो, ‘सिमेंट-वाळूच्या मालावर बसवू, आजवर तसेच बसवीत आलो.’ दुकानदार म्हणतो, ‘अ‍ॅडेसिव्ह घ्या, नाहीतर फरशी पोकळ वाजेल.’ खरे कोणाचे मानावे? मोरबीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या अशा फरश्या आज आपल्या बहुतेक घरांत येत असल्याने हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम गवंड्याची बाजू. कोटा, शहाबाद किंवा जुन्या मोझेइकच्या लाद्या थोड्याफार पाणी शोषतात. ओल्या मालावर लादी ठेवली की सिमेंटमिश्रित पाणी तिच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, तेथेच घट्ट होते आणि लादीला धरून ठेवते. म्हणून त्या काळची पद्धत त्या लादीला योग्यच होती. व्हिट्रिफाइड फरशी मात्र जवळजवळ काचेसारखी भाजलेली असते आणि तिची पाणी शोषण्याची मर्यादा अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. सिमेंटला शिरावयास तिच्या पाठीत जागाच नसते. तेव्हा तिला चिकटून न राहता सिमेंट नुसते टेकून राहते.

दुसरी अडचण आकाराची. मालाच्या जाड थरावर पातळ सिमेंटचा घोळ ओतून वरून फरशी ठोकली, तर मधली हवा बाहेर पडण्यास वाट राहत नाही. एक फुटाच्या लादीखालून ती कडेने निसटते. चार फूट लांबीच्या फरशीखाली ती अडकून पडते. शिवाय घोळातील जास्तीचे पाणी वर येऊन फरशीच्या पाठीशी साचते. ती ते शोषत नाही. पुढे पाणी हळूहळू उडून जाते, घोळ आकसतो आणि त्या जागी पोकळी उरते. रबरी हातोड्याने कितीही ठोकले तरी हा दोष निघत नाही, कारण तो ठोकल्यानंतर काही दिवसांनी घडतो.

ही पोकळी कडेला किंवा कोपऱ्यात आली तर ती फार घातक असते. खाली आधार नसलेल्या कोपऱ्यावर वरवंटा पडला, कपाटाचा पाय टेकला की फरशी तडकते. मध्यभागी लहानशी पोकळी असेल तर ती बहुधा वर्षानुवर्षे काही करीत नाही.

अ‍ॅडेसिव्ह म्हणजे सिमेंट व बारीक वाळू यांत चिकटपणा आणणारी आणि पाणी धरून ठेवणारी पॉलिमर द्रव्ये मिसळून केलेली भुकटी. या द्रव्यांमुळे ते छिद्रांच्या आधाराशिवायही गुळगुळीत पाठीला चिकटते. भारतीय मानक 15477 मध्ये त्याचे वर्ग केलेले आहेत. घरातील व्हिट्रिफाइड फरशीसाठी निदान दुसऱ्या वर्गाचे घ्यावे व पोत्यावर वर्ग छापलेला आहे की नाही, हे स्वतः पाहावे. केवळ ‘टाइल फिक्सर’ एवढ्या नावावर भागवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. अ‍ॅडेसिव्ह हे खड्डे भरण्याचे साधन नव्हे. त्याचा थर साधारण तीन ते सहा मिलिमीटरच असावा. म्हणून माल मुळीच लागत नाही असे नाही. त्याचा उपयोग आधी सपाट कोबा घालण्यासाठी करावयाचा. कोबा पाणी मारून पक्का होऊ द्यावा व पुरता वाळू द्यावा, यासाठी चार आठवडे हाताशी असावेत. त्यावर तीन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून पाहावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली, तर ती आताच भरून घ्यावी. नंतर धूळ झाडून घ्यावी.

आता बडोद्याच्या त्या खोलीचा हिशेब करू. तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा चौरस मीटर. कोबा सपाट असेल आणि फरशीच्या पाठीलाही थर द्यावयाचा असेल, तर वीस किलोची पाच पोती लागतील. दुकानदार कदाचित साडेतीन पोत्यांचा हिशेब देईल, पण तो पाठीचा थर सोडून व सगळीकडे तीन मिलिमीटर धरून केलेला असतो. ही बचत करू नये.

बसविण्याची रीत अशी. फरशीच्या पाठीवर कारखान्यातून आलेली पांढरी भुकटी ओल्या स्पंजाने पुसून घ्यावी. ही न पुसता लावलेला थर भुकटीलाच चिकटतो. व्हिट्रिफाइड फरशी पाण्यात भिजवावयाची नसते. अ‍ॅडेसिव्हमध्ये पोत्यावर लिहिलेलेच पाणी घालून, ढवळून, पाच-दहा मिनिटे ठेवावे व पुन्हा ढवळावे. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालून ते सैल करणे सर्वथा वर्ज्य.

कोब्यावर दहा ते बारा मिलिमीटरच्या दातांच्या थापीने सरळ, समांतर सऱ्या ओढाव्यात, त्याही फरशीच्या आखूड बाजूच्या दिशेने, म्हणजे हवेला बाहेर पडण्याची वाट जवळची राहते. गोल गोल सऱ्यांत हवा कोंडून राहते. फरशीच्या पाठीला थापीच्या सपाट बाजूने पातळ थर द्यावा. मग फरशी ठेवून सऱ्यांना आडवी अशी किंचित मागे-पुढे सरकवावी, म्हणजे सऱ्या मोडून एकमेकींत मिसळतात. एकाच वेळी सगळ्या खोलीत सऱ्या ओढू नयेत. त्यांच्यावर वीसेक मिनिटांत साय धरते आणि मे महिन्याच्या झळांत त्याहूनही लवकर. बोटाने स्पर्श करून पाहावे. अ‍ॅडेसिव्ह बोटाला लागले नाही, तर खरवडून नवे लावावे.

पाच ठिकाणी गोळे ठेवून वर फरशी दाबण्याची घाईची पद्धत अनेक ठिकाणी चालते. अ‍ॅडेसिव्ह वापरूनही फरशी पोकळ वाजते ती बहुधा याच कारणाने.

फरश्यांत दोन-तीन मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत सहा ते आठ मिलिमीटरची फट सोडावी. ही फट पुढे पट्टीखाली झाकली जाते. जागाच न सोडल्यास उष्णतेने फरश्या एकमेकींवर रेटून मध्ये उचलल्या जातात.

परीक्षा कशी करावी? तिसरी फरशी बसवून झाल्याबरोबर ती उचलून पाठ पाहावी. कोरड्या खोलीत निदान ऐंशी टक्के व न्हाणीघरासारख्या ओल्या जागी पंचाण्णव टक्के भाग अ‍ॅडेसिव्हने भरलेला असावा, आणि कोपरे तर पूर्णच. कमी असेल तर थापीचे दात मोठे घ्यावेत. सर्व काम झाल्यावर एक दिवस त्यावर चालू नये. सांधे भरण्यापूर्वी मात्र प्रत्येक फरशीच्या चारही कोपऱ्यांवर व मध्यभागी लाकडी काठीने हलके ठोकून ऐकावे. भरीव जागी आवाज बसका व पोकळ जागी खणखणीत येतो. कोपऱ्यावर खणखणला तर ती फरशी त्याच दिवशी काढून पुन्हा बसवावी. सांधे भरल्यावर हेच काम शेजारच्या फरश्यांनाही धोक्यात घालते.

तेव्हा त्या भगिनींना आमचे सांगणे असे : गवंड्याचा माल कोब्यासाठी राहू द्यावा आणि फरशी अ‍ॅडेसिव्हवर बसवावी. गवंडी अनुभवी असला तरी पहिल्या दिवशी तिसरी फरशी त्याच्याकडून आपल्या समोर उचलून घ्यावी. खाली काय आहे, ते तीच सांगेल.