एक घर, तीन पिढ्या, चार चवी : आठवड्याचा स्वयंपाक कसा आखावा?

घरात सात माणसे आहेत. आजोबांना कवळी आणि पित्ताचा त्रास, आजींचे सोमवार आणि संकष्टी. मुलाला आणि दिराला झणझणीत हवे, सून गुरुवार करते. नातू पंधरा वर्षांचा, त्याला रोजची पोळी-भाजी नको आणि नात चार वर्षांची, तिला तिखट चालतच नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी एकत्र कुटुंबांचे हे चित्र. अशा घरात ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न रोज सकाळी विचारला, तर त्याचे उत्तर हमखास तीन वेगवेगळ्या भाज्या आणि ओट्यापाशी गेलेले चार तास असे येते. वास्तविक प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करण्याची गरज नसते. एकच पदार्थ नेमका कुठे वेगळा करायचा, एवढे ठरवावे लागते.

आखणीची सुरुवात कुठून?

बहुतेक घरांत आधी भाज्या ठरतात आणि उपवास आयत्या वेळी आठवतो. क्रम उलटा हवा. शनिवारी रात्री दिनदर्शिका समोर ठेवून पुढच्या आठवड्यातले उपवास आणि सामिष न खाण्याचे वार आधी लिहून घ्यावेत. सोमवार-गुरुवार ठरलेले असतात, पण एकादशी आणि संकष्टी तिथीप्रमाणे येतात, त्यामुळे त्यांचा वार बदलतो.

वरच्याच घरात समजा बुधवारी संकष्टी आली. एरवी बुधवारी चिकन होत असेल, तर ते शुक्रवारी न्यावे लागेल. शिवाय संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो. ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, कधी साडेआठ, तर कधी साडेनऊ उलटून जातात. नात तोपर्यंत थांबणार नाही. म्हणून त्या दिवशी वरण-भात, भाजी आणि मोदकांचे सारण संध्याकाळी सातपर्यंत तयार ठेवून लहानग्यांना व आजोबांना आधी वाढावे, आणि पोळ्या व मोदक उपवास सोडणाऱ्यांसाठी गरम करावेत. बाजारहाटाची यादी या कागदावरूनच निघते.

तिखटाचे काय?

तिखटपणा देणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. तो तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणूनच फोडणीत परतलेले तिखट सगळ्या भांडाभर पसरते आणि नंतर वरून पाणी घातले तरी आमटी पातळ होते, जिभेवरचा जाळ तेवढा कमी होत नाही. बटाटा टाकल्यानेही तिखट ‘शोषले’ जात नाही. नारळाचे दूध किंवा दही घातले, तर काहीसा फरक पडतो. पण सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिखट शेवटी आणि वेगळे घालणे.

याचा नमुना मराठी स्वयंपाकात आधीपासूनच आहे. मिसळीत उसळ सौम्य असते आणि जाळ कटात असतो. ज्याला जेवढा सोसतो, तेवढा तो घेतो. कोल्हापूरकडे मटण शिजल्यावर त्याचे आळणी पाणी मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी दिले जाते आणि तांबडा रस्सा नंतर होतो. हीच रीत रोजच्या आमटीला लावता येते.

सात जणांसाठी दीड वाटी तुरीची डाळ हळद-हिंग घालून शिजवावी. मोहरी, जिरे, कढीपत्ता यांची फोडणी, त्यात एक चमचा ब्याडगीचे तिखट, मग चिंच, गूळ, दोन चमचे गोडा मसाला आणि मीठ. ब्याडगी रंग भरपूर देते, तिखटपणा कमी. इथपर्यंत आमटी सगळ्यांची. नातीसाठी ब्याडगी घालण्याआधीच वाटीभर वरण बाजूला काढावे. मग कढल्यात दोन चमचे तेल तापवून लसूण लाल करावा, गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबून दीड चमचा लवंगीचे तिखट घालावे आणि ही फोडणी वेगळ्या पातेल्यात काढलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर ओतावी. तेल फार तापलेले असेल, तर तिखट काळे पडते, घरभर ठसका उठतो आणि आमटी कडवट होते. तसे झाले, तर ती फोडणी टाकून द्यावी, आमटी वाचवावी.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. भरली वांगी, कोथिंबीर वडी, थालीपीठ यांत तिखट आतच मिसळलेले असते. अशा पदार्थांचे मिश्रण तिखट घालण्याआधी दोन भागांत वाटून घ्यावे किंवा पदार्थ सौम्य करून सोबत ठेचा द्यावा. आठवड्यात असे पदार्थ दोनपेक्षा जास्त नसावेत, नाहीतर पुन्हा दुहेरी काम सुरू होते.

उपवासाचे वेगळे रांधायचे का?

शक्यतो नाही. सोमवारी आजींसाठी साबुदाण्याची खिचडी होणारच असेल, तर तोच सगळ्यांचा नाश्ता ठेवावा. सात जणांना अर्धा किलो साबुदाणा पुरतो. रात्री धुऊन, पाणी निथळून, वर जेमतेम ओल राहील इतक्याच पाण्यात भिजत ठेवावा. दाणा बोटांत सहज चुरडला की तो भिजला. मधोमध कडक कण लागला, तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबावे. हिरव्या मिरच्या मोठे तुकडे करून घातल्या, तर नातीच्या ताटलीतून वेचून काढता येतात. संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली, तर तीही मऊ असल्याने आजोबांना चालते.

उपवासाचे आधी, घासलेल्या भांड्यात आणि कांदा-लसूण चिरण्यापूर्वी करावे. त्याने सोवळ्याचा प्रश्नही बराचसा सुटतो. जिरे, कोथिंबीर उपवासाला चालते की नाही, हे घरोघर वेगळे असते, तेही कागदावर लिहिलेले बरे. वरीचे पीठ मात्र फार दिवस साठवू नये. दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि विषबाधा होऊ शकते. तसेच मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवावे. दिवसभर पोट रिकामे आणि गोळी चालू, हा साखर एकदम उतरण्याचा सरळ मार्ग आहे.

मग सगळ्यांच्या आवडीचे कधी?

प्रत्येकाची आवड रोज सांभाळण्यापेक्षा प्रत्येकाला आठवड्यातला एक वार द्यावा. मंगळवार नातवाचा, त्या दिवशी नूडल्स किंवा पावभाजी. शनिवार आजोबांचा, मऊ मुगाची खिचडी आणि कढी. शुक्रवार मुलाचा आणि दिराचा, चिकनचा. रविवार मात्र सुनेचा असावा. हा वार बहुतेक आखण्यांत राहून जातो, कारण आखणारी आणि रांधणारी व्यक्ती तीच असते आणि ती स्वतःची आवड शेवटी धरते, म्हणजे धरतच नाही.

म्हणूनच ही आखणी एकीच्या डोक्यात न राहता फ्रीजवर लावलेल्या कागदावर असावी. कागदावर बुधवारी संकष्टी लिहिलेली असली, की साबुदाणा भिजवायचे काम नातवालाही करता येते आणि शेवटची तिखट फोडणी, ज्यांना ती हवी आहे, त्या मुलाने किंवा दिरानेच द्यावी, हे उघडच आहे.