टायरला पडलेले चट्टे

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या टायरवरून तळहात फिरवावा. आडवा नाही, टायर ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने. चांगल्या टायरवर हात एका पातळीत सरकत जातो. काही टायरांवर मात्र तो वर-खाली होतो. वीतभर अंतरावर एक उथळ खळगा, मग उंचवटा, मग पुन्हा खळगा. डोळ्यांना हे लवकर दिसत नाही, कारण खाचांची नक्षी नजर फसवते. (टायर फारच झिजलेलं असेल तर हात जपून फिरवा, आतल्या तारा बाहेर आलेल्या असू शकतात.) गॅरेजमध्ये याला ‘टायर चट्ट्याचट्ट्यानं खाल्लंय’ म्हणतात आणि लगेच नवं टायर किंवा अलाइनमेंट सुचवतात. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा घाईचे असतात.

टायर मधोमध झिजलं तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजलं तर कमी होती, आणि एकाच कडेला पूर्ण गोलाईभर झिजलं तर चाकाचा कोन बिघडला आहे, एवढं बहुतेक गाडीवाल्यांना ठाऊक असतं. या सगळ्या झिजेत एक साम्य आहे: टायरच्या घेरावर कुठेही पाहिलं तरी ती सारखीच दिसते. चट्टे मात्र घेराच्या काही भागात आहेत आणि काही भागात नाहीत. म्हणजे चाक रस्त्यावर सगळीकडे सारख्या दाबाने टेकत नव्हतं. ते उड्या मारत होतं. चाकाला उड्या मारू न देण्याचं काम ज्याचं आहे, त्याच्याकडे आधी बघायला हवं.

ते काम शॉक अब्सॉर्बरचं, गॅरेजच्या बोलीत शॉकअपचं. नावामुळे असं वाटतं की धक्का तोच झेलतो. धक्का झेलते स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर ती नाचत राहते, आणि तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा पिस्टन असतो, आणि हालचाल झाली की तेल त्या भोकांतून रेटलं जातं. सील झिजून तेल गळालं किंवा आतल्या झडपा सैल पडल्या की दांडा फुकट वर-खाली होतो आणि चाकाला धरून ठेवणारं कोणी उरत नाही.

इथे नाच दोन प्रकारचे असतात, आणि सगळा घोळ त्यांच्यातल्या फरकातून होतो. गाडीचं अंग स्प्रिंगांवर डुलतं ते सावकाश, सेकंदाला एक-दीड वेळा. चाक आणि त्याचा सांगाडा रस्ता आणि गाडी यांच्यामध्ये थरथरतो तो सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. पहिला नाच आपल्याला सीटवर कळतो. दुसरा जवळजवळ कळतच नाही, पण टायर त्यानेच खाल्लं जातं. चाक हवेत हलकं होतं तेव्हा रबरावरचा भार सुटतो आणि खाली आपटताना ते घासत बसतं. जिथे घासतं तिथे खळगा पडतो.

लहान हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर असतो. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली तर ती सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला बाराएक फेऱ्या होतात. चाकाच्या उड्याही तेवढ्याच. त्या वेगाला चाकाचं बॅलन्सिंग थोडं जरी बिघडलेलं असेल, तर प्रत्येक फेरीला बसणारा हिसका नेमका उडीच्या तालात पडतो. निम्म्या वेगाला एका फेरीत दोन उड्या, आणखी सावकाश गेलात तर तीन. वेग बदलतो तसं आपटण्याचं ठिकाणही बदलतं, म्हणून सुरुवातीला झीज पसरलेली असते. पण एकदा एका जागी जरासा खळगा पडला, की पुढच्या प्रत्येक फेरीला चाक त्या कडेवर अडखळतं आणि पुढे जाऊन आपटतं. मग तिथे दुसरा. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांनी आडव्या लाटा पडत जातात, त्याचीच ही टायरवरची आवृत्ती. म्हणून हा आजार हळू सुरू होतो आणि नंतर भराभर वाढतो.

माझा मावसभाऊ साताऱ्याला असतो. पुण्याला येणं-जाणं नेहमीचं, गाडीत बहुतेक वेळा एकटाच. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी डिझेल हॅचबॅक. मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला, वेग वाढला की वाढणारा. ‘दादा, मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलंय,’ असा त्याचा फोन आला तोवर मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलूनही झालं होतं. आवाज जिथल्या तिथे. मग अलाइनमेंट झाली. आवाज तरी जाईना.

बेअरिंगचा आवाज आणि चट्ट्यांचा आवाज कानाला जुळे भाऊ वाटतात, पण त्यांना वेगळं करता येतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. डावं बेअरिंग खराब असेल तर घरघर तेवढ्यात वाढते, डावीकडे वळवली की कमी होते. टायरचा आवाज त्यावर फारसा बदलत नाही, तो रस्त्यावर बदलतो: सिमेंटच्या रस्त्यावर एक सूर, डांबरावर दुसरा. खात्रीच हवी असेल तर मागची टायर पुढे आणि पुढची मागे लावून बघावीत. भावाने तेच केलं, आणि खंबाटकी घाट चढेपर्यंत आवाज त्याच्या पायांपाशी आला होता. बेअरिंग काही जागेवरून उठून पुढे येत नाही.

मग खाचांची खोली मोजायची साधी पट्टी घेतली आणि एकाच खाचेत घेरावर ठिकठिकाणी मोजलं. डाव्या टायरला उंचवट्यावर साडेपाच मिलिमीटर, खळग्यात पावणेचार. उजव्याला फरक जेमतेम एक मिलिमीटर. दोन्हीकडे चट्टे आहेत आणि डावीकडे जास्त, हे डावीकडून चालणाऱ्या आपल्या देशात नवल नाही. रस्त्याची तुटकी कड डाव्या चाकाच्याच वाट्याला येते.

मागच्याच चाकांना हे का होतं, तेही समजण्यासारखं आहे. अशा गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, सगळं वजन पुढे. मागे एकट्या चालकाच्या गाडीत भार इतका कमी, की चाकाला उडायला निमित्त पुरतं. शिवाय पुढची चाकं ओढतात, वळतात, त्यांची झीज पसरत जाते. मागची नुसती फरपटत येतात. मागच्या चाकांची तोंडं किंचित आत-बाहेर असतील तर झीज तिरकी पडते आणि चट्ट्यांचं काम आणखी सोपं होतं.

गॅरेजमध्ये शॉकअप तपासायची रूढ पद्धत म्हणजे गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडायचा. गाडी वर येऊन एकदाच खाली बसली तर ठीक, तीन-चारदा डुलली तर शॉकअप गेला. डुलली तर तो खरंच गेलेला असतो. पण डुलली नाही म्हणून तो चांगला, असं मात्र नाही. हाताने दाबून आपण सावकाश डुलणारा पहिला नाच तपासतो, टायर खाणारा दुसरा नाच हाताला सापडत नाही. आणि जुन्या गाडीत बुशांचं घर्षणच इतकं असतं की गाडी आपोआप थांबते. भावाची गाडी या परीक्षेत दोन्ही वेळा पास झाली होती.

या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे शॉकअप काढणं सोपं. ॲक्सलखाली जॅक लावून आधार द्यायचा, नाहीतर बोल्ट काढताच तो खाली लोंबतो, मग खालचा आणि वरचा बोल्ट. डाव्या शॉकअपच्या नळीवर तेल आणि धुळीचा जाड थर बसला होता, बोटाने खरवडला तर खाली ओलं. नळीच्या तोंडाशी नुसता ओलसरपणा असला तर घाबरायचं कारण नसतं, पण तेल खालपर्यंत उतरलं असेल तर संपलं. शॉकअप उभा धरून दांडा ओढून-दाबून पाहिला. मधली दोन बोटं अंतर काहीच अडवणूक नव्हती, त्यापुढे अचानक घट्ट. रस्त्यावरच्या बारीक थरथरीत दांडा नेमका त्याच पोकळ टप्प्यात फिरत होता. उजवा शॉकअप बाहेरून कोरडा ठणठणीत होता, आणि आतून जवळपास तेवढाच ढिला. गळत नाही म्हणून शॉकअप चांगला, असं समजणाऱ्यांनी तो हातात धरून पाहायला हवा होता.

चट्टे पुढच्या टायरांना असते तर मी शॉकअपवर थांबलो नसतो. पुढे लोअर आर्मची बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, अशी खिळखिळी व्हायला बरीच जागा आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायचं. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बहुधा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ लागला तर टाय रॉड. बुश मात्र हाताने कळत नाही, तिला टॉमी घालून रेटावं लागतं.

इथेच अलाइनमेंटच्या कागदाचं गौडबंगाल आहे. भावाच्या कागदावर सगळे आकडे हिरवे होते, आणि ते खोटे नव्हते. पण ते उभ्या गाडीचे होते. फाटलेली बुश उभ्या गाडीत जागेवर असते, ब्रेक लावला की सरकते, सोडला की परत येते. मशिनने फोटो काढला तेव्हा ती शहाण्यासारखी बसलेली असते. म्हणून आधी ढिले भाग बदलायचे आणि मग अलाइनमेंट. उलट्या क्रमाने केली तर ती पुन्हा करावी लागते.

मागचे दोन्ही शॉकअप बदलले. एकच बदलला तर ॲक्सलच्या दोन टोकांना दोन स्वभाव होतात. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. आणि आवाज? तो होता तसाच. पडलेले खळगे शॉकअप बदलून भरून येत नाहीत. भावाला हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी तो दोन दिवस कुरकुरला. ती टायर पुढेच राहू दिली, कारण पुढची चाकं उंचवटे घासून थोडे सपाट करतात. स्टिअरिंगला बारीक थरथर आली, ती सोसायची. दोनेक महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा उजव्या टायरचा फरक अर्ध्यावर आला होता आणि नवा खळगा कुठेही नव्हता. डाव्याचा फरक जेमतेम कमी झाला होता. टायर खाचेत १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलं की बाद, आणि चट्ट्यांच्या टायरला हा हिशोब सगळ्यात खोल खळग्याचा लावायचा, सरासरीचा नाही. डाव्या टायरचा खळगा आता तीनच्या खाली आहे. पावसाळ्याआधी ते काढायचं ठरलंय.