चेक दिला, आता थांबवायचाय? 'स्टॉप पेमेंट' कधी चालतं आणि कधी नाही?

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमारा गावातल्या एका शेतकऱ्याने धानाच्या हंगामासाठी जुना पॉवर टिलर घ्यायचं ठरवलं. गोंदियाच्या विक्रेत्याला त्याने ६० हजारांचा चेक दिला. मशीन शनिवारी गावात पोहोचणार होतं, पण आलं नाही. विक्रेता फोनही उचलत नाही. मग शेतकरी ठरवतो, "सोमवारी तिरोड्याला जाऊन चेक थांबवतो."

पण सोमवार उजाडेपर्यंत थांबणं महागात पडू शकतं.

वेळ का कमी झाली?

पूर्वी चेक जमा झाल्यावर पैसे वळते व्हायला एक-दोन दिवस लागायचे. तेवढ्यात बँकेत जाऊन चेक थांबवता यायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक क्लिअरिंगची पद्धत बदलली. आता सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत जमा झालेल्या चेकची प्रतिमा दिवसभर तुमच्या बँकेकडे जात राहते. 'चेक मंजूर की परत', हे तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत सांगावं लागतं. तिने उत्तर दिलं नाही, तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं.

म्हणजे विक्रेत्याने सोमवारी ११ वाजता चेक भरला आणि शेतकरी दुपारी शाखेत पोहोचला, तर तोवर बँकेने चेक मंजूर केलेला असू शकतो. एकदा चेक वटला की स्टॉप पेमेंटचा उपयोग नाही. त्याने शनिवारी रात्रीच मोबाईल ॲप किंवा नेट बँकिंगवरून सूचना दिली असती, तर चेक अडला असता.

सूचना कशी द्यायची, खर्च किती?

खाते क्रमांक, चेक क्रमांक, रक्कम, तारीख, कोणाच्या नावाने दिला आणि का थांबवायचा, एवढी माहिती लागते. चेक क्रमांक म्हणजे चेकच्या तळाशी सर्वात आधी छापलेले सहा आकडे. यातला एक आकडा चुकला तरी भलताच चेक थांबतो आणि खरा वटतो. म्हणून चेक देतानाच त्याचा फोटो काढून ठेवा. शाखेत अर्ज दिला, तर त्याच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या.

अनेक मोठ्या बँका बचत खात्यावर एका चेकसाठी साधारण १०० रुपये घेतात. १८ टक्के जीएसटी धरून ते ११८ होतात. काही बँकांत ऑनलाइन सूचना मोफत असते. नेमका दर तुमच्या बँकेच्या शुल्कपत्रकात पाहा.

सूचना वेळेत आणि बरोबर देऊनही चेक वटला, तर चूक बँकेची. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

चेक थांबला म्हणजे सुटलो?

नाही. 'चेक बाऊन्स झाला नाही, मीच थांबवला, मग केस कशी होईल?' असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्स खटल्यात स्पष्ट केलं की, स्टॉप पेमेंटमुळे परत गेलेल्या चेकवरही कलम १३८ लागू शकतं. गोव्याच्या 'गोवा प्लास्ट' कंपनीच्या खटल्यातही हाच प्रश्न होता. त्यात उच्च न्यायालयापर्यंत आरोपी सुटला होता, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

बचाव मात्र आहे. २००१ च्या एमएमटीसी खटल्यात न्यायालय म्हणालं की, खात्यात पुरेसे पैसे होते आणि चेक योग्य कारणाने थांबवला, उदाहरणार्थ देणंच नव्हतं, हे दाखवता आलं तर गुन्हा ठरत नाही. पण ते सिद्ध करायची जबाबदारी चेक देणाऱ्याची असते.

आपल्या शेतकऱ्याला मशीन मिळालंच नाही, त्यामुळे त्याची बाजू भक्कम आहे. तेच मशीन मिळालं, दोन महिने वापरलं आणि मग 'आवाज करतं' म्हणून चेक अडवला, तर प्रकरण अवघड होईल.

मग करायचं काय?

चेक थांबवला की त्याच दिवशी समोरच्याला कारण लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवा, शिवाय स्पीड पोस्टानेही. खात्यातली तेवढी रक्कम काढू नका. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवू शकतो. ती मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात. देणं खरं असेल तर तेवढ्यात पैसे द्या, नसेल तर वकिलामार्फत उत्तर द्या. नोटीस कपाटात ठेवून दिली, तर पुढचा कागद कोर्टाचा येऊ शकतो. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.