विश्लेषण : चालक प्यायलेला आहे हे ठाऊक असूनही गाडीत बसलात, तर भरपाईला कात्री किती?

ढाब्यावरची पार्टी संपते. रात्रीचा एक वाजलेला असतो. गाडी चालवणाऱ्या मित्राने किती प्यायली, हे बरोबरच्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. तरी ‘जवळच तर जायचंय’ म्हणून सगळे गाडीत बसतात आणि दहा मिनिटांनी गाडी दुभाजकावर आदळते. मागे बसलेला जबर जखमी होतो. चूक चालकाची, यात वाद नसतो. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर विमा कंपनीचा वकील एक प्रश्न हमखास विचारतो : चालक नशेत आहे हे माहीत असताना तुम्ही गाडीत बसलातच कशाला?

या प्रश्नाच्या उत्तरावर भरपाईतले काही लाख अवलंबून असतात.

भरपाई पूर्ण बुडते का?

नाही. हा मुद्दा न्यायालयात फार पूर्वी लढवला गेला आहे. १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये ‘डॅन विरुद्ध हॅमिल्टन’ हा खटला चालला. एक तरुणी आणि तिची आई ओळखीच्या माणसाच्या गाडीतून लंडनमधली राज्यारोहणाची रोषणाई पाहायला गेल्या होत्या. परतताना चालकाचे पिणे लपण्यासारखे राहिले नव्हते. आणखी एक प्रवासी वाटेत उतरला आणि ‘माझ्यापेक्षा तुमची हिंमत मोठी’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेला. तरुणीचे घर फार लांब नव्हते, बसने जाता आले असते. ती बसून राहिली. थोड्याच वेळात अपघात झाला, चालक मरण पावला आणि ती जखमी झाली.

बचाव पक्षाचे म्हणणे होते की तिने धोका स्वतःहून स्वीकारला, त्यामुळे तिला काही मिळू नये. न्यायाधीश अ‍ॅस्क्विथ यांनी ते फेटाळले आणि तिला भरपाई मिळाली. चालक प्यायलेला आहे हे कळणे वेगळे आणि त्याने पुढे जो निष्काळजीपणा केला त्याला आगाऊ माफी देणे वेगळे, असा त्यामागचा विचार होता. पुढे ब्रिटनने १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातच लिहून ठेवले की, प्रवाशाने धोका पत्करला एवढ्यावरून चालकाची त्याच्याबद्दलची जबाबदारी संपत नाही.

त्या काळात दुसरी एक अडचण होती. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर दावा पूर्णच बुडायचा, त्यामुळे न्यायालयापुढे सगळे देणे किंवा काहीच न देणे एवढेच पर्याय असत. १९४५ च्या कायद्याने मधला मार्ग दिला. दोष जेवढा, तेवढीच भरपाई कमी करायची. आज ज्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात, त्याचा हिशेब असा सुरू झाला.

वीस टक्के कुठून आले?

१९७६ मध्ये निकाल लागलेला ‘ओवेन्स विरुद्ध ब्रिमेल’ हा खटला या विषयात सर्वाधिक उद्धृत होतो. दोन मित्र संध्याकाळी एका गाडीने निघाले. एका दारूच्या गुत्त्यातून दुसऱ्यात, असे फिरत प्रत्येकाने आठ-नऊ पाइंट बिअर रिचवली. परतताना गाडी विजेच्या खांबावर आदळली. प्रवाशाच्या मेंदूला कायमची इजा झाली.

न्यायाधीश वॉटकिन्स यांनी प्रवाशाचा दोष दोन प्रकारे धरता येतो असे सांगितले. एक, चालक इतका प्यायला आहे की धोका स्पष्ट वाढला आहे, हे दिसत असतानाही गाडीत बसणे. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. परत याच गाडीने यायचे आहे हे ठरलेले असताना दोघांनी मिळून भान हरपेपर्यंत पिणे. अशा प्रवाशाला ‘मी स्वतःच इतका प्यायलो होतो की त्याची अवस्था मला कळली नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. शुद्धीवरच्या माणसाला जे कळले असते, तेच माप त्यालाही लागते.

वॉटकिन्स यांनी भरपाई २० टक्के कमी केली. याहून जास्त नाही, कारण स्टिअरिंग चालकाच्या हातात होते आणि मोठा दोष त्याचाच. याच खटल्यात प्रवाशाने सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून आणखी कपात मागितली गेली होती. बेल्टमुळे नेमकी ही इजा टळली असती हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही, म्हणून ती कपात मिळाली नाही. दोष आणि इजा यांचा संबंध दाखवण्याचे ओझे कपात मागणाऱ्यावर असते, हे यातून लक्षात घ्यावे.

‘माहीत होते’ म्हणजे नेमके काय?

खरी लढाई इथे होते. २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले की प्रवाशाने चालकाची उलटतपासणी घेणे अपेक्षित नाही. किती पेग घेतले, केव्हा घेतले, हे विचारत बसण्याची त्याच्यावर सक्ती नाही. समोर जे दिसत होते त्यावरून समंजस माणसाने काय ओळखले असते, एवढेच पाहायचे. बोलणे अडखळत होते का, तोल जात होता का, गाडी काढतानाच कुठे घासली का?

म्हणून एकाच अपघातातल्या दोन प्रवाशांचा निकाल वेगळा लागू शकतो. पार्टीत सुरुवातीपासून बाजूला बसलेला मित्र आणि वाटेत चौकात गाडीत घेतलेला सहकारी यांना सारखे माहीत नसते. टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला चालकाची पाठच दिसते. लहान मुलाला तर दोष देण्याचा प्रश्नच येऊ नये. रात्री अकरानंतर आडरस्त्यावर एकटी बाई नवऱ्याच्या गाडीतून उतरून कुठे जाणार, याचाही विचार न्यायाधिकरणाने करायला हवा. पर्याय असतानाही केलेली निवड आणि नाइलाज यांना एकच टक्केवारी लावणे न्याय नव्हे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न कायद्यातच सोडवून टाकला. तिथे नशेत असलेल्या चालकावर जाणूनबुजून विसंबणाऱ्याची भरपाई ठरलेल्या २५ टक्क्यांनी कमी होते आणि चालकाच्या रक्तातले अल्कोहोल ०.१५ च्या पुढे असेल तर कपात ५० टक्के. हिशेब सोपा झाला खरा. पण रक्तातला तो आकडा चालकाचा, आणि शिक्षा दुप्पट होते प्रवाशाची. बाहेरून पाहून ०.१४ आणि ०.१६ यांतला फरक कोणाला कळणार? भारताने हा मार्ग न घेतलेलाच बरा.

भारतात काय होते?

भारतात यासाठी वेगळे कलम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई द्यायची असते आणि सहभागी निष्काळजीपणाचे तत्त्व त्यात वापरले जाते. त्याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात दाखवून दिली. एका मोटारसायकलवर तिघे होते, मागून कारने धडक दिली, मागे बसलेला एक तरुण मरण पावला. तिघे बसले म्हणून उच्च न्यायालयाने भरपाई १० टक्के कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसणे हा नियमभंग खरा, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे सिद्ध व्हायला हवे, असे न्यायालय म्हणाले.

हेच तत्त्व दारूच्या प्रकरणाला लावून पाहावे. प्यायलेल्या चालकाने गाडी दुभाजकावर घातली, तर नशा आणि अपघात यांचा संबंध सरळ आहे. पण तीच गाडी सिग्नलला उभी असताना मागून ट्रकने ठोकली, तर चालक कितीही प्यायलेला असो, प्रवाशाची भरपाई कापायला आधार नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. प्यायलेल्या चालकाची कार आणि बेफाम ट्रक यांची टक्कर झाली आणि दोघांचा दोष निम्मा-निम्मा ठरला, तर कारमधल्या प्रवाशाची भरपाईही निम्मी करावी, असा युक्तिवाद ट्रकची विमा कंपनी करते. तो चुकीचा आहे. चालकाचा दोष प्रवाशाच्या माथी मारता येत नाही. प्रवाशासाठी हा दोन वाहनांचा संयुक्त निष्काळजीपणा ठरतो आणि तो पूर्ण रक्कम कोणत्याही एकाकडून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई निकालात सांगितले आहे. कपात होईल ती प्रवाशाच्या स्वतःच्या चुकीपुरतीच.

रुपयांत किती?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३० वर्षांचा, स्वतःचे दुकान चालवणारा माणूस मित्राच्या गाडीत मरण पावला. मासिक उत्पन्न ३० हजार, मागे पत्नी, मुलगा आणि आई. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले की महिना ४२ हजार, वर्षाचे ५ लाख ४ हजार होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की ३ लाख ३६ हजार उरतात. या वयाला १७ चा गुणक आहे. म्हणजे ५७ लाख १२ हजार रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा वेगळ्या.

यावर २० टक्के कपात झाली, तर ११ लाख ४२ हजार ४०० रुपये जातात आणि कुटुंबाला ४५ लाख ६९ हजार ६०० मिळतात. गाडीत बसण्याचा निर्णय त्याचा होता, तूट मात्र बायको-मुलाच्या वाट्याला येते. म्हणूनच ‘दोघे मित्र होते, म्हणजे त्याला माहीत असणारच’ एवढ्या तर्कावर ही रक्कम कापली जाऊ नये.

पुरावा कुणाचा, कसला?

कपात मागणाऱ्याने सिद्ध करायचे. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. मात्र रक्ताचा नमुना घेतलाच गेला नाही, तरी नशा इतर पुराव्यांनी सिद्ध होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाहनाच्या नुकसानीच्या एका दाव्यात म्हटले आहे. रुग्णालयाच्या कागदावरचा ‘तोंडाला दारूचा वास’ हा शेरा त्यामुळे जड ठरतो. पण तो शेरा कोणाबद्दलचा आहे, हे आधी पाहावे. प्रवाशाच्या तोंडाला वास आला, यावरून चालक प्यायलेला होता असे होत नाही. आणि दारू पिऊन मागच्या सीटवर बसणे हा वाहन कायद्याखाली गुन्हा नाही. घरी जायचा तो शहाणा मार्गही असू शकतो, फक्त चालक शुद्धीवर हवा.

दाव्याचे कागद हातात आले की प्रथम माहिती अहवाल, पंचनामा आणि रुग्णालयातील नोंदी एकत्र ठेवून वाचाव्यात. गाडीत कोण कुठून बसले, पार्टी कुठे होती, बिल कोणाच्या नावे होते, हे सगळे त्यात सापडते आणि उलटतपासणीही त्यावरच होते. विमा पॉलिसी कोणती, हेही तेव्हाच पाहावे. खासगी कारची फक्त ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी असेल तर आतल्या प्रवाशाला सहसा विमा कंपनीकडून काही मिळत नाही, सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते. २० टक्क्यांचा वाद त्यानंतरचा.