एकशेचार देश आणि पाच पैशांचं तिकीट

१५ नोव्हेंबर १९७१ पासून या देशात पत्र टाकायचं तर पाच पैशांचं एक जादा तिकीट चिकटवावं लागायचं. निर्वासित मदतीचा कर. नवं तिकीट छापायला सवड नव्हती, म्हणून आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये कुटुंबनियोजनाच्या चालू तिकिटावरच मदतीचे शब्द छापले गेले. आई, बाप, दोन मुलं असं ते आटोपशीर चित्र, आणि त्याच्या अंगावर कोटीभर लोकांचे संसार उठल्याची नोंद. तीही तिकिटं पुरेनात, तेव्हा ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्के मारून वेळ भागवली. स्वतंत्र तिकीट १ डिसेंबरला आलं. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण, ज्यांना १९६३ साली याच नाशिकने बिनविरोध लोकसभेत धाडलं होतं.

म्हणजे ढाक्यात याह्याखानच्या फौजेने २५ मार्चच्या रात्री जे आरंभलं, त्याचा भुर्दंड सिन्नरला पत्र धाडणारा माणूस भरत होता. आणि जगातले मोठमोठे मुत्सद्दी गंभीर चेहऱ्याने सांगत होते की हा पाकिस्तानचा अंतर्गत मामला आहे. अंतर्गत? त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाख, आणि तिथे येऊन पडलेले निर्वासित जवळपास तेवढेच. जो मामला शेजाऱ्याच्या अख्ख्या राज्याची माणसं दुप्पट करतो, त्याला अंतर्गत म्हणायला विद्वत्ता लागत नाही, कोडगेपणा लागतो.

बाहेरच्या देशाने बळ वापरून दुसऱ्या देशातल्या लोकांना वाचवावं का, हा वाद आज ‘संरक्षणाची जबाबदारी’ या भारदस्त नावाने चालतो. परिसंवाद होतात, ठराव होतात, चहा होतो. त्यात दोन पंथ आहेत. एक सार्वभौमत्ववाले: सीमेच्या आत सरकार काहीही करो, बाहेरच्याने बोट लावायचं नाही. दुसरे उद्धारवाले: आमचा हेतू पवित्र, म्हणून आमचे बॉम्बही पवित्र. दोघांनाही १९७१ हे साल अडचणीचं वाटतं, म्हणूनच ते नीट उघडून बघायला हवं.

आधी सार्वभौमत्ववाल्यांचा समाचार. मार्चअखेर कत्तल सुरू झाली. ढाक्यातला अमेरिकेचा स्वतःचा कॉन्सल जनरल आर्चर ब्लड याने एप्रिलमध्ये तारेने कळवलं की आपलं सरकार या अत्याचारांकडे डोळेझाक करतं आहे. त्याची बदली झाली. सरकारचं धोरण जागचं हललं नाही. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. कुणी तीन लाख म्हणतं, कुणी तीस लाख. यातला सर्वांत लहान आकडा घ्या, तरी शरमेने मान खाली जावी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी २० जुलैला सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना टिपण धाडलं. परिषद बसली कधी? ४ डिसेंबरला! ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले, युद्ध पेटलं, आणि दुसऱ्या दिवशी परिषदेला जाग आली. आठ महिने माणसं मरत होती तेव्हा शांततेला धोका नव्हता. मारणाऱ्यांना कुणीतरी अडवायला निघालं, तेव्हा मात्र शांतता धोक्यात आली.

मग काय झालं ते पाहा. युद्ध थांबवून फौजा मागे घ्या, असे ठराव आले आणि सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून ते पाडले. विषय आमसभेत गेला. ७ डिसेंबरला १०४ देशांनी युद्धबंदी आणि फौजमाघारीच्या बाजूने मत दिलं. विरोधात ११. आपण, रशिया आणि त्याचे सोबती, आणि भूतान. त्या १०४ देशांमध्ये वसाहतवादाच्या नावाने रोज गळा काढणारे किती होते! बंगाली माणसाला स्वतःच्या मतदानाचा कौल हवा होता एवढाच त्याचा गुन्हा, आणि या नवस्वतंत्र देशांना तो कौल दिसला नाही. त्यांची भीती मला कळते. आज ढाका, उद्या आपली राजधानी, असं प्रत्येक दुबळ्या सरकारला वाटतं, आणि बलाढ्य देशांचा इतिहास बघता ते खोटंही नाही. पण त्या भीतीची किंमत कुणी भरायची? सरकारांनी की कापल्या जाणाऱ्यांनी?

आता आपल्याकडे वळू. भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी परिषदेत सांगितलं की पूर्व बंगालच्या लोकांना या यातनांतून सोडवणं हाच आमचा निखळ हेतू आहे. स्वच्छ, ताठ मानेचं बोलणं. आणि पुढे? ब्रिटिश विधिज्ञ मायकेल एकहर्स्ट यांनी नोंदवून ठेवलं आहे की परिषदेच्या छापील अधिकृत इतिवृत्तात हा मानवतावादी युक्तिवाद राहिला नाही. भारताने भर दिला तो स्वसंरक्षणावर: पाकिस्तानने आधी हल्ला केला, आणि निर्वासितांचे लोंढे हेही एक आक्रमणच. कायद्याने ते सुरक्षित होतं, हे मान्य. सनदेत स्वसंरक्षणाला जागा आहे, दुसऱ्यांच्या लोकांना वाचवायला नाही. पण आयुष्यात एकदा एवढं मोठं काम हातून घडावं आणि त्याचं खरं कारण कागदावर ठेवायला कचरावं, याला मी मुत्सद्देगिरी म्हणणार नाही. हा भित्रेपणा आहे, आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतो. १९९९ साली कोसोव्होवरच्या नाटो हल्ल्यांच्या निषेधाचा जो ठराव रशियाने आणला, त्याचे आपण सहप्रायोजक होतो. दर १६ डिसेंबरला ढाक्याच्या विजयाने छाती फुगवायची, आणि परक्या देशात हस्तक्षेप हे महापाप असं न्यूयॉर्कात सांगायचं. दोन्ही एकाच तोंडाने!

उद्धारवाल्यांनी इथे टाळ्या पिटू नयेत. तुमची पाळी आता.

२००१ साली गॅरेथ इव्हान्स आणि मोहम्मद साहनून यांच्या आयोगाने बाहेरून बळ वापरण्याच्या कसोट्या मांडल्या. मोठ्या प्रमाणावर जीवितहानी चालू आहे का? हेतू योग्य आहे का? बाकीचे मार्ग संपले का? बळ प्रमाणात आहे का? यश येण्याची वाजवी शक्यता आहे का? आणि परवानगी कुणाची? या कसोट्यांवर १९७१ घासून पाहू. जीवितहानी: निःसंशय. बाकीचे मार्ग: इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राजधान्या पालथ्या घालून आल्या, निक्सनना भेटल्या, रिकाम्या हाताने परतल्या. प्रमाण: दोन आठवड्यांत युद्ध संपलं. यश: १६ डिसेंबरला शरणागती, निर्वासित माघारी, आणि मार्च १९७२ च्या मध्याआधी भारतीय फौजा बांगलादेशाबाहेर. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाचवायला आलेला वेळेत घरी गेला.

हेतू? तो शुद्ध नव्हता. पाकिस्तानचे दोन तुकडे होणं कुठल्या भारतीय सरकारला नको होतं? मुक्तिवाहिनीला आपण कित्येक महिने आधीपासून शिकवत होतो. फौज सज्ज होईपर्यंत आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत थांबलो, आणि ते थांबणं निर्वासितांच्या सोयीचं नव्हतं. पण निखळ निःस्वार्थी देशाची वाट पाहायची ठरवली, तर ढाक्यात कुणी जिवंत उरलं नसतं. हेतू मिश्र असू द्या. बघायचं ते एवढंच की स्वार्थाने मदतीची वाट वाकडी केली का. त्याने ती न्यायाच्या बाबतीत केली, हेही लिहून ठेवा: युद्धगुन्ह्यांसाठी ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालायचे होते, ते १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर मोकळे घरी गेले. मेलेल्यांच्या वतीने सौदा झाला आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

उरली परवानगी. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व देशांनी संरक्षणाची जबाबदारी मान्य केली, पण बळ वापरायचं तर सुरक्षा परिषदेमार्फतच, आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून. कायम सदस्यांनी अशा वेळी नकाराधिकार आवरता घ्यावा, असं २००१ च्या आयोगाने सुचवलं होतं. ते २००५ च्या मजकुरात आलंच नाही. आता १९७१ या चौकटीत ठेवा. अमेरिका याह्याखानच्या पाठीशी, चीनही. परवानगी मिळाली असती? सात जन्मांत नाही. म्हणजे मानवतेच्या या महान दस्तऐवजाने बंगाल्यांना वाचवण्याचा एकमेव मार्ग बेकायदा ठरवला असता! रवांडात १९९४ साली कत्तल सुरू झाल्यावर याच परिषदेने तिथली शांतिसेना अडीच हजारांवरून पावणेतीनशेच्या आसपास आणली. तिथे कुणाचंही सार्वभौमत्व आड येत नव्हतं. इच्छाच नव्हती.

मग परवानगी मिळाली की सगळं शुद्ध? लिबियात मिळाली. १७ मार्च २०११ चा ठराव क्रमांक १९७३, नागरिकांच्या रक्षणासाठी. भारत तटस्थ राहिला, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. नागरिकांच्या रक्षणाचं काम महिन्याभरात राजवट उलथण्याचं झालं. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला, विमानं परत गेली, आणि देश टोळ्यांच्या हाती राहिला. पुढे सीरियाचा प्रश्न आला तेव्हा रशिया-चीनने याच लिबियाकडे बोट दाखवून हात झटकले. उद्धारवाल्यांनी स्वतःच्या हाताने पुढच्या पीडितांचं दार बंद केलं.

आणि आपण? ४ जून १९८७ ला आपल्या विमानांनी श्रीलंकेच्या संमतीवाचून जाफन्यावर अन्नधान्य टाकलं. पाठोपाठ करार, शांतिसेना, आणि ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्यातल्याच सशस्त्र संघटनेशी लढाई. सुमारे बाराशे जवान गेले. जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. मार्च १९९० मध्ये परतलो, तेव्हा आपल्यावर ना सिंहलींचा विश्वास होता, ना तमिळांचा. ढाक्यात मुजीबुर रहमान यांच्यामागे निवडणुकीचा कौल होता आणि आपलं काम स्पष्ट होतं. जाफन्यात आपण नेमके कुणाच्या बाजूने आहोत हे आपल्यालाच ठरवता आलं नाही.

माझा निकाल असा. क्वचित, अगदी क्वचित, बाहेरचं बळ न्याय्य असतं आणि १९७१ साली ते होतं. परिषदेची संमती नसतानाही होतं. पण जो असं बळ वापरेल त्याने कारण उघड लिहून द्यावं, परतीचा काळ सांगावा, आणि स्वतःच्या सैनिकांच्या कृत्यांची चौकशीही परक्यांसमोर होऊ द्यावी. भारताने ढाक्याचं श्रेय त्याच्या खऱ्या नावाने घ्यावं आणि जाफन्याचा हिशेबही द्यावा. एक मिरवून दुसरं झाकणाऱ्या देशाला या वादात बोलायचा अधिकार नाही.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी कुणी ‘अंतर्गत मामला’ म्हणून हात झटकेल तर विचारा: त्या आठ महिन्यांत तुम्ही काय केलं असतं? कुणी ‘मानवतेसाठी’ म्हणून विमानं उडवेल तर विचारा: परत कधी येणार? दोघांपैकी जो उत्तर देणार नाही, त्याला मत देऊ नका.