पाच एमबीत मालवणी कोंबताना

गेल्या दोन महिन्यांत कुडाळ, ओरोस आणि सावंतवाडीकडच्या लिप्यंतरकारांकडून आलेल्या तक्रारी एकाच जागी येऊन थांबतात. बोलीभाषेतल्या मुलाखतींचे व्हिडिओ जमा करून त्यांचा मजकूर करून घेणाऱ्या एका कार्यालयाने नवी सूचना काढली आहे. आवाज व्हिडिओतून वेगळा काढून द्यावा, फाइल एमपीथ्री असावी, सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ असावा, फाइल ५ एमबीच्या आत असावी आणि एका मुलाखतीची एकच फाइल असावी. मुलाखती तासाभराच्या असतात.

ज्याने हे लिहिले त्याने एकदा गुणाकार केला असता तर बरे झाले असते. एमपीथ्रीच्या मानकात ४४.१ किलोहर्ट्झला सर्वांत कमी बिटरेट ३२ केबीपीएस आहे. म्हणजे सेकंदाला ४,००० बाइट, तासाला १४.४ एमबी. ५ एमबीत बसतात ती फक्त २० मिनिटे ५० सेकंद. तासाची मुलाखत या नियमात बसवणे अवघड नव्हे, अशक्य आहे. तरीही फाइली बसताहेत, कारण अपलोड करताना यंत्र फक्त आकार तपासते, सॅम्पल रेटचा रकाना माणूस हाताने भरतो. मग मंडळी काय करतात? ८ किलोहर्ट्झ, ८ केबीपीएसची फाइल बनवतात, ती ३.६ एमबीत मावते, आणि रकान्यात ‘४४.१’ लिहून मोकळी होतात. नियम पाळल्याचा कागद तयार, आवाज मात्र मेलेला. पुढे तीच फाइल लिप्यंतरकाराच्या टेबलावर येते आणि मजकुरात जागोजाग ‘(अस्पष्ट)’ दिसले की त्याचे बिल अडते. एका वाचकाने तर कहर कळवला आहे. त्याच्याकडून परत मागवलेली फाइल कुणीतरी ४४.१ला चढवून पुन्हा पाठवली, आता नीट ऐकू येईल म्हणून!

चढवून काही येत नाही. सॅम्पल रेटच्या निम्म्या वारंवारितेपर्यंतचाच ध्वनी फाइलीत राहतो. ८ किलोहर्ट्झला ४ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते आणि नंतर रेट वाढवला तरी ती जागा रिकामीच राहते. हे डोळ्यांनीही पाहता येते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून Spectrogram निवडा. आकडा ४४.१ आणि चित्रात ४च्या वर सपाट काळोख असेल, तर फाइल चढवलेली आहे हे समजा आणि त्या चित्रासकट परत करा.

४ किलोहर्ट्झच्या वर असते काय, हा प्रश्न अधिकाऱ्यांना पडतो. फोनवर बोललेले कळतेच की, असे त्यांचे म्हणणे. फोनवर कळते, कारण समोरचा माणूस ओळखीचा असतो, विषय माहीत असतो आणि न कळल्यास पुन्हा विचारता येते. मुलाखत दिलेल्या वृद्धेला लिप्यंतरकार पुन्हा विचारू शकत नाही. आणि आपल्या बोलीत तर नेमका घोळ इथेच आहे. खंय, हंय, थंय हे तीन शब्द घ्या. कुठे, इथे, तिथे. तिघांचा शेपटाकडचा भाग एकच, फरक फक्त पहिल्या व्यंजनाच्या क्षणभराच्या आवाजात. ‘थ’च्या स्फोटाचा बराचसा जोर वरच्या पट्ट्यात असतो. तो छाटला, की मागे उरतो नुसता श्वास आणि कानाला ‘हंय’ ऐकू येते. त्यात कमी बिटरेटचा एमपीथ्री असा क्षणिक स्फोट पुढेमागे पसरवून टाकतो, म्हणजे जो काही राहिला होता तोही पुसट. जमिनीच्या हद्दीबद्दल म्हातारे सांगताहेत ‘मेर थंय होती’ आणि कागदावर उतरते ‘मेर हंय होती’. ‘स’चेही तेच. त्याची बहुतेक सळसळ ४ किलोहर्ट्झच्या वर असते, म्हणून बारीक आवाजाच्या बाईंच्या बोलण्यात स, फ आणि थ यांची अदलाबदल होते.

ही बोली काही आज नोंदली जात नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातला ‘कुडाळी’ हा खंड १९६५ साली निघाला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या सर्वेक्षणात बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. घाटग्यांच्या खंडात ध्वनी लिपीतच उतरवून ठेवावे लागले. आज खिशातला फोन ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करतो आणि आपण तो ८वर आणतो.

आता कामाचे. समजा, जत्रेतल्या दशावताराचा तासाभराचा तुकडा हाती आला आहे. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावरच बोलत जातात, त्यामुळे हा व्हिडिओ हीच एकमेव संहिता. पहिल्यांदा फाइलीत काय आहे ते पाहा:

```
ffprobe -hide_banner natak.mp4
```

उत्तरात `Audio: aac (LC), 48000 Hz, stereo, 128 kb/s` अशा धर्तीची ओळ येईल. याचा अर्थ आवाज आधीच एकदा दाबलेला आहे. त्याला पुन्हा एमपीथ्रीत दाबणे म्हणजे दुसऱ्यांदा काहीतरी फेकून देणे. म्हणून ट्रॅक आहे तसा उचला:

```
ffmpeg -i natak.mp4 -vn -c:a copy natak.m4a
```

`copy` असल्याने यात काहीही नव्याने दाबले जात नाही, काम काही सेकंदांत उरकते आणि तासाची फाइल ५८ एमबीच्या आसपास होते. जपायची प्रत हीच. ऐकून लिहिण्यासाठी मात्र डब्ल्यूएव्ही बरी. मागे-पुढे करताना ती अडखळत नाही आणि वेळेचे आकडे जागेवर राहतात.

डब्ल्यूएव्ही करण्याआधी डावी बाजू एकटी आणि उजवी बाजू एकटी ऐकण्याचा कंटाळा करू नका. दशावताराच्या अशा एका व्हिडिओत डावीकडे मिक्सरमधून आलेला नटाचा आवाज होता आणि उजवीकडे कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेली झांज, मृदंग आणि समोरच्या प्रेक्षकांतली पोरे. प्रोग्रॅमला नुसते ‘मोनो करा’ म्हटले तर तो दोन्ही बाजू मिसळतो. इथे मिसळण्याने राजाच्या संवादावर झांज येऊन बसली. शिवाय मिक्सरचा आवाज आणि कॅमेऱ्यापर्यंत हवेतून उशिरा पोहोचलेला तोच आवाज एकत्र आल्यावर काही वारंवारिता एकमेकींना मारतात आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे पोकळ होते. अशा वेळी चांगली बाजू तेवढी घ्यावी:

```
ffmpeg -i natak.mp4 -vn -af "pan=mono|c0=c0" -ar 16000 -c:a pcm_s16le natak.wav
```

शेवटचा `c0` म्हणजे डावी बाजू, उजवी हवी असेल तर तिथे `c1`. १६ किलोहर्ट्झला ८ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी राहतो, त्यात ‘थ’चा स्फोट आणि ‘स’ची सळसळ लिहिण्यापुरती पूर्ण येते. बोलणे आपोआप लिहून देणारी बरीच सॉफ्टवेअरही फाइल आतून १६वरच आणतात. तेव्हा लिप्यंतरासाठी ४४.१चा हट्ट निरर्थक आहे आणि ८ची कंजुषी घातक आहे. १६ बिट, एका बाजूची ही फाइल तासाला ११५ एमबी होते. तेवढी पाठवणे जड जात असेल तर फ्लॅक करा, आकार बराच उतरतो आणि आवाजाचा एक कणही जात नाही. त्याहून लहान हवीच असेल तर मूळ ट्रॅकवरून ओपस, २४ केबीपीएस, मोनो. तासाला ११ एमबीच्या आत, आणि बोलणे त्याच आकाराच्या एमपीथ्रीपेक्षा कितीतरी स्वच्छ. एमपीथ्रीची अडचण झांजेत जास्त दिसते. झांजेचा खणखणाट टिपण्यातच थोडके बिट संपतात आणि संवादाच्या वाट्याला चिखल येतो.

एक गोष्ट कोणताही फॉरमॅट करणार नाही. माइक तोंडाशी धरून आवाज फाटला असेल तर तो फाटलेलाच निघेल. गोंगाट काढण्याचे फिल्टर आधीच जोरात चालवलेत तर गोंगाटाबरोबर ‘ह’ आणि ‘स’ही जातील, कारण फिल्टरला तेही गोंगाटासारखेच दिसतात. लिहून झाल्यावर, अडलेल्या वाक्यापुरता फिल्टर चालवून पाहावा.

वकिलांसाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्य लिहावे लागते. ट्रॅक वेगळा काढला की नवी फाइल होते आणि तिचा हॅश वेगळाच येतो, मग तो `copy`ने काढलेला का असेना. मूळ व्हिडिओचा हॅश आधी काढून ठेवा, मूळ फाइलीला हात लावू नका आणि काढघाल तिच्या प्रतीवर करा.

दोष एकट्या कार्यालयाचा नाही, आपल्या सभासदांचाही आहे. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवायचा, तिथे तो एकदा दबतो. मग कुठल्यातरी मोफत वेबसाइटवर टाकून एमपीथ्री करायचा, तिथे दुसऱ्यांदा. मग आकार बसेना म्हणून तिसऱ्यांदा. पाठवायचाच असेल तर निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल तशीच पोहोचते. पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने ओरोसला जाणेही यापेक्षा शहाणपणाचे. आणि सॅम्पल रेटच्या रकान्यात खोटा आकडा लिहिणे ताबडतोब बंद झाले पाहिजे. तो आकडा आहे तोवर कार्यालयाला आपला नियम चालतो आहे असेच वाटत राहणार.

या महिन्यात प्रत्येकाने दोन कामे करावीत. हातात ८ किलोहर्ट्झची फाइल आली तर काम सुरू करण्याआधी ती परत पाठवून मूळ व्हिडिओ मागावा, आणि पावतीवर ffprobeची ओळ जशीच्या तशी उतरवावी. दुसरे, संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा: एमपीथ्रीची अट काढा, मूळ ट्रॅक किंवा १६ किलोहर्ट्झ मोनोची डब्ल्यूएव्ही वा फ्लॅक स्वीकारा, फाइलीची मर्यादा २०० एमबी करा. अर्जात २० मिनिटे ५० सेकंदांचा हिशेब जरूर घाला. अर्जाची पोच घ्या आणि तिची एक प्रत संपादकीय कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या अंकात सगळ्या पोचपावत्या एकत्र छापल्या जातील.